लांबून दिसणारी वाकळ
(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बेळगाव-निपाणीकडे जिला वाकळ म्हणतात आणि कानडी शेजारणी कौदी म्हणतात, तिच्यातल्या रंगांबद्दल आज बोलायचं आहे. गेल्या वर्षी आम्ही काही जणींनी मिळून नऊ चांदण्यांची वाकळ शिवायला घेतली. चांदण्यांच्या टोकांना आजीच्या इरकलीचा लाल पदर आणि भोवताली जुन्या चोळ्यांचा हिरवा खण घेतला. हातात धरली की डोळ्यांत भरायची. पण पहिली चांदणी हॉलच्या भिंतीवर लावून वीस पावलं मागे गेलो, तर चांदणी दिसेचना! नुसता मळकट तपकिरी चौकोन.

चूक आमच्या लक्षात आली ती मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढल्यावर. लाल आणि हिरवा, दोन्ही एकसारखेच करडे आले. रंग वेगळे होते, पण गडदपणा सारखाच होता. लांबून नक्षी उठते ती या गडदपणातल्या फरकामुळे.

मग इरकल आणखी कापण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि डोळे बारीक करून फिकट, मध्यम, गडद असे तीन ढीग केले. जुनं धोतर फिकटात, काळी चंद्रकळा गडदात. लाल पदर आणि हिरवा खण, दोन्ही मध्यमात! पांढऱ्या बुट्ट्यांचं काळं लुगडंही मध्यमातच गेलं, कारण लांबून बुट्टे आणि काळा रंग एकमेकांत मिसळतात.

आमच्या चांदणीत तीन ओळींत तीन असे नऊ चौकोन असतात. नवीन मांडणीत आठ टोकं चंद्रकळेची केली. चार कोपरे आणि कडेचे चार त्रिकोण धोतराचे. मधला चौकोन लाल पदराचा आणि त्याला लागून असलेले चार त्रिकोण हिरव्या खणाचे. म्हणजे आजीचा पदर मध्यभागीच राहिला, पण चांदणीचा आकार चंद्रकळा आणि धोतराने उठवला. लाल-हिरवा तिथे एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही.

दोन गोष्टी शिवताना कळल्या. खणाचे उभे-आडवे धागे वेगळ्या रंगांचे असतील, तर तुकडा फिरवला की तो कधी फिकट दिसतो, कधी गडद. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने लावायचे. दुसरं म्हणजे दोऱ्याचं. वाकळीचा धावदोरा दाट असतो. काळ्यावर पांढरा दोरा घातला, की काळं करडं होतं. आम्ही चंद्रकळेवर काळाच दोरा वापरला.

ती वाकळ आज तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीवर लावली आहे. मागच्या रांगेतल्या मावशींनी चांदण्या मोजून सांगाव्यात. नऊ भरल्या, तर आमचं काम झालं.