फरशीच्या फटी : वरून लेप नको



बाथरूमच्या टाइल्समधलं ग्राउट गेलं की आपण काय करतो? व्हाइट सिमेंट कालवून बोटानं फटीवर फासतो. चार-सहा महिन्यांत त्याच्या खपल्या निघतात. खाली जुनं भुसभुशीत ग्राउट तसंच असतं, मग वरचा पापुद्रा धरणार कशाला?

म्हणून आधी ते का गेलं ते बघा. नाण्यानं टाइल वाजवा. पोकळ आवाज आला किंवा पायाखाली टाइल हलली, तर ती उखडून पुन्हा बसवायला हवी. नुसतं ग्राउट परत तडकेल. टाइल पक्की आहे, पण फट नखानं उकरली की पीठ निघतं, तर बहुधा कालवताना पाणी जास्त झालं असेल, नाहीतर अ‍ॅसिडनं धुऊन धुऊन सिमेंट खाल्लं गेलं असेल.

बिल्डिंगमधल्या एका घरी बादली ठेवतात तिथला दोन फुटी चौकोन असाच झाला होता. टाइल्स पक्क्या होत्या. आम्ही ग्राउट खरवडायच्या हत्यारानं फटी मोकळ्या केल्या. ते नसेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला कापड गुंडाळून चालतं. टाइल ८ मिलिमीटर जाडीची, म्हणून ५-६ मिलिमीटर खोल, म्हणजे दोन तृतीयांश तरी उकरलं. ब्रशनं धूळ काढली आणि रात्रभर वाळू दिलं.

सकाळी सिमेंटचं ग्राउट टूथपेस्टइतकं घट्ट कालवलं, दहा मिनिटं ठेवून पुन्हा ढवळलं. घट्ट होतंय म्हणून वरून पाणी घालायचं नाही, तिथेच ते कमजोर होतं. फटी किंचित ओलसर केल्या, पाणी साचू दिलं नाही. रबरी पट्टीनं ग्राउट तिरकं दाबत तळापर्यंत भरलं. वीसेक मिनिटांनी, बोटाला चिकटेनासं झाल्यावर, घट्ट पिळलेल्या स्पंजनं तिरकं पुसलं. फटीच्या दिशेनं पुसलं तर भरलेलं ओढून बाहेर येतं. मग २४ तास बाथरूम बंद. पाकिटावर जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळायचा.

जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नका. तो सांधा हलतो आणि ग्राउट हलणं सहन करत नाही. तिथे सिलिकॉन सीलंट लावायचं.

आता खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबद्दल. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. फटी नीट भरल्या तर खाली मुरणारं पाणी कमी होतं, एवढंच. आधीचं मुरलेलं सुकायला काही आठवडे जातात. त्यानंतरही त्यांच्या छताचा डाग पसरत राहिला, तर गळती नहाणी ट्रॅपची, पाइपची किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगची असणार. तेव्हा पुन्हा ग्राउट भरत बसू नका. प्लंबरला घेऊन खालच्या घरात जा आणि त्यांच्या छताकडे बघून मगच काय ते ठरवा.