लाली लावायची नसते

स्टंट डबलच्या चेहऱ्याजागी नटाचा चेहरा बसवणं हे माझं काम. एक प्रसंग सांगानेरचा होता: छापाची कापडं उन्हात वाळताहेत आणि त्यांतून डबल धावतोय. चार दिवसांच्या उन्हानं त्याचे नाक-गाल भाजले होते. नटाचा चेहरा मात्र स्टुडिओत टिपलेला. मी त्यावर लाल थर दिला, तर तो जत्रेतला सोंगाड्याच दिसायला लागला!

चूक कुठे झाली? भाजलेल्या त्वचेत रक्त जास्त येतं आणि रक्त हिरवा प्रकाश शोषतं. म्हणजे लाल फारसा वाढत नाही, हिरवा घटतो.

मग मी डबलचीच त्वचा मोजली, तीही रेषीय चित्रात. फेट्याखाली झाकलेल्या कपाळावर लाल भागिले हिरवा 1.4 आला, गालावर 1.6. आता 1.4 ला 1.6 नं भागा: 0.875. नटाच्या गालावरचा हिरवा तेवढ्यानं गुणला, लालला हात लावला नाही. नाक आणि गालाच्या हाडावर परिणाम पूर्ण, हनुवटीखाली शून्य. घामाची चकाकी वगळली, कारण ती उन्हाचा रंग घेते, त्वचेचा नाही. नट सावळा असेल तर लाली कमी उठते. तेव्हा गुणक 1 कडे सरकवा.

तपासायला फक्त हिरवा चॅनेल कृष्णधवल करून बघा. रोमछिद्रं दिसली आणि डागाची कड दिसली नाही, तर जमलं.