कामाची सनद आणि तिच्या चतुःसीमा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावर नळाचे पाणी नेण्याचा संकल्प आपल्या कार्यकारिणीने केला आहे. त्याकरिता वर्गणीही जमू लागली आहे. या प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा बहुधा आमच्याकडून उत्तेजनपर भाषणाची अपेक्षा असावी. ती आम्ही पुरी करणार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे, की पहिला नळ विकत घेण्यापूर्वी या कामाची एक सनद लिहून काढावी. हल्लीचे व्यवस्थापक तिला ‘प्रोजेक्ट चार्टर’ म्हणतात. आम्हांस सनद हाच शब्द बरा वाटतो. जुन्या सनदेत काय दिले, कोणास दिले, कोठपर्यंत दिले आणि कोणाच्या अधिकाराने दिले, हे सारे एकाच कागदावर असे. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याशिवाय आपण कोणी जमिनीचे पैसे मोजीत नाही. कामाच्या बाबतीत मात्र आधी पैसे देतो आणि सीमा मागाहून शोधीत बसतो.

उद्दिष्ट लिहिलेले असणे आणि त्यात आपले नाव असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. ते मुंबईस पाणी पाजण्याकरिता बांधले गेले आणि ते काम आजतागायत करीत आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरला जातो, आणि त्यांपैकी सुमारे ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी शहापुरातील एका धरणाचे. तरीही त्याच तालुक्याच्या डोंगराकडील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि तो आम्हांसही येतो. परंतु ज्या कागदावरून तानसा बांधले गेले त्या कागदाच्या दृष्टीने ते धरण फसलेले नाही. त्याच्या उद्दिष्टात शहापूरचा पाडा कधी नव्हताच. जे उद्दिष्टात नाही, ते काम उत्तम झाले तरी मिळत नाही.

दुसरे उदाहरण मुरबाडचे. काळू नदीवरील धरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. मुंबई महानगर प्रदेशातील शहरांस पाणी देणे हा त्याचा हेतू होता. परंतु वनजमिनीची परवानगी हाती नव्हती, आणि ज्यांची शेते व जंगल बुडावयाचे होते त्या गावांचा विरोध होता. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली न्यायालयाने काम थांबविले. धरण हवे की नको हा वाद आज आमचा विषय नाही. आम्ही फक्त क्रम दाखवीत आहो. ज्यांची संमती लागते त्यांची नावे कामाआधी लिहावयाची असतात. येथे ती यंत्रे लागल्यानंतर न्यायालयात वाचली गेली.

आता आपल्या घरचा अनुभव. आम्ही ज्या एका गावी शिक्षक होतो, तेथे नळयोजना झाली. टाकी उभी राहिली, नळ आले, हारतुरे झाले. डिसेंबरात पाणी धो धो वाहत होते. मार्चच्या मध्यास विहिरीने तळ दाखविला आणि नळांतून हवा येऊ लागली. सातवीच्या वर्गातील मुली एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत येईनाशा झाल्या, कारण त्या पहाटे तीनपासून झऱ्याकाठी वाटीने पाणी भरीत बसत. हजेरीपटावर आम्ही त्यांच्या नावांपुढे गैरहजेरीची खूण करीत होतो, ही गोष्ट आजही आठवली म्हणजे लाज वाटते. कोणी पैसे खाल्ले असे नव्हे. विहिरीचे पाणी मे महिन्यात कोणीच मोजले नव्हते, आणि ‘योजना यशस्वी’ म्हणजे काय, हे कोठेही लिहिलेले नव्हते. टाकी बांधून झाली म्हणजे योजना पूर्ण, असे सर्वांनी धरून चालविले.

म्हणून या खेपेस आम्ही व मंडळाचे दोन तरुण गेल्या मे महिन्यात पाड्यावर जाऊन राहिलो. तेथे ६२ घरे आणि ३१० माणसे आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे माप ठरविले आहे. त्या हिशेबाने रोज १७,०५० लिटर पाणी हवे. विहीर गोल असून तिचा व्यास ४ मीटर आहे. म्हणजे पाणी एक मीटर चढले की सुमारे १२,५७० लिटर साठले असे समजावे. संध्याकाळी सहा वाजता पंपाने विहीर उपसून काठीवर खूण केली, रात्री कोणी पाणी काढावयाचे नाही असे ठरविले, आणि सकाळी सहा वाजता पुन्हा पाहिले. पाणी ५५ सेंटिमीटर चढले होते, म्हणजे ६,९०० लिटर. दिवसातून दोनदा उपसली तर १३,८०० लिटर. काळ्या कातळाच्या फटींतून यापेक्षा अधिक पाझर मेमध्ये येत नाही. पाड्याच्या वर एक झरा आहे. त्याखाली बादली धरून घड्याळ लावले, तो मिनिटास ३ लिटर देतो. म्हणजे दिवसास ४,३२०. दोन्ही मिळून १८,१२० लिटर झाले.

गरज १७,०५० आणि उपलब्ध १८,१२०, तेव्हा काम भागले, असे एका तरुणाने आनंदाने म्हटले. आम्ही त्यास गळतीची आठवण दिली. जोड, तोट्या आणि टाकी मिळून दहावा हिस्सा गेला, तर हाती १६,३०० राहतात. म्हणजे सातशे-साडेसातशे लिटरांची तूट. आकडा लहान आहे, परंतु तूट नेहमी शेवटच्या घराच्या वाट्यास येते.

येथे सनद लिहिण्याचे खरे काम सुरू होते. उद्दिष्टात आम्ही असे लिहिले आहे: एप्रिलअखेर माणशी ५५ लिटर, आणि मेच्या आरंभापासून पाऊस लागेपर्यंत ५० लिटर. सरकारी मापापेक्षा हे पाच लिटर कमी आहे, आणि ते तसे उघड लिहिले आहे. कार्यकारिणीतील काही सभासदांस हे कमीपणाचे वाटले. परंतु जे मेमध्ये देता येत नाही ते जानेवारीत कबूल करणे, हीच आमच्या शाळेच्या गावी झालेली चूक होती.

नंतर सीमा. पाड्यावर सुमारे ९० गुरे आहेत. प्रत्येकास ४० लिटर धरले तर ३,६०० लिटर झाले, म्हणजे साराच हिशेब कोलमडला. गुरांकरिता नाल्यातील डबके खोल करावे, ते निराळे काम आहे. या सनदेत ‘गुरांचे पाणी नाही’ असे स्पष्ट लिहिले. वीटभट्टी नाही, परसातील भाजी नाही. मे महिन्यातील लग्नाचे पाणीही नाही, आणि याच वाक्यावर सर्वांत मोठी बाचाबाची झाली. अखेर लग्नघराने टँकर आपल्या खर्चाने मागवावा असे ठरले. नको ते लिहून ठेवणे कठोर वाटते खरे. पण हे भांडण आज ओट्यावर झाले, ते पुढे तोटीपाशी हंडे आपटून झाले असते.

सीमेचा आणखी एक प्रश्न उंचीचा निघाला. टाकीची जागा शाळेमागील उंचवट्यावर धरली होती. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहिली, तेव्हा वरच्या अंगाची तीन घरे टाकीच्या तळाहून उंच भरली. तेथे पाणी आपोआप चढणार नाही. टाकी झऱ्याजवळ वर न्यावी, तर ती जागा वनखात्याची. मग संबंधितांची यादी काढावी लागली, आणि ती आमच्या अंदाजापेक्षा लांब झाली.

ग्रामपंचायत, तिची पाणीपुरवठा समिती आणि जिल्हा परिषद ही नावे कोणीही लिहील. वनहक्क कायदा, २००६ याप्रमाणे पिण्याच्या पाण्यासाठी व जलवाहिनीसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळू शकते, मात्र हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडली जाता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असली पाहिजे. म्हणून ग्रामसभा व वनखाते ही नावे आली. विहीर एका खातेदाराच्या मालकीच्या जमिनीत आहे. त्याचा तोंडी होकार आहे, पण उद्या त्याचे मुलगे वाटण्या करतील. म्हणून लेखी हक्कपत्र हवे. पंपाचे वीजबिल कोण भरील, तोट्या कोण उघडील, हेही नाव घालून लिहिले. पाड्यातील स्त्रियांस आम्ही सभेत बोलाविले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग पहाटे विहिरीवर गेलो, तेव्हा त्या मोकळेपणी बोलल्या. पाणी सकाळी सहाला नको, पाचला हवे, कारण सहाला मजुरीची गाडी येते. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

आणि ज्यांचे नाव यादीत सर्वांत शेवटी आले, ते पाड्याच्या रहिवाशांत मोडतच नाहीत. झऱ्याचे पाणी खाली ओहोळाने जाते, तेथे चार कुटुंबांची वस्ती आहे आणि मेमध्ये त्यांचा सारा आधार त्याच पाण्यावर आहे. आपण झरा नळात घातला, तर पाड्याची तहान भागून त्यांची लागेल. आपल्या हातून एक लहानसे तानसा होईल, हा विचार आम्हांस रात्री झोप येऊ देईना. उपाय असा निघाला, की त्या वस्तीकरिता नळाची एक तोटी खाली न्यावी आणि ती माणसे हिशेबात धरावी. ती १९ माणसे आहेत. ५० लिटरप्रमाणे ९५० लिटर. पाड्याचे मेमधील १५,५०० आणि हे मिळून १६,४५० होतात, हाती १६,३००. म्हणजे गळती दहाव्या हिश्श्याहून थोडी कमी राखणे भाग आहे, आणि त्यासाठी प्लॅस्टिकच्या स्वस्त तोट्यांऐवजी पितळी घ्याव्या लागतील. खर्चाचे कलम त्यामुळे वाढले. ते खजिनदारांनी कुरकुरत मान्य केले.

यशाची कसोटी आम्ही तीन वाक्यांत लिहिली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ओळीने चार दिवस, सर्वांत उंच घराच्या तोटीखाली १५ लिटरची बादली तीन मिनिटांत भरली पाहिजे. त्याच दिवसांत खालच्या वस्तीची तोटीही तशीच भरली पाहिजे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून पिण्यास योग्य ठरून आला पाहिजे. ही मोजणी मंडळाने करावयाची नाही. पाड्यातील दोन स्त्रिया व खालच्या वस्तीतील एक, अशा तिघींनी करावयाची. उद्घाटनाचा नारळ त्यानंतर फुटेल. काही मान्यवरांस दिवाळीचा मुहूर्त हवा आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. दिवाळीत कोणत्याही विहिरीस पाणी असते.

कागदाच्या शेवटी सह्यांची जागा आहे. सनदेत बदल करावयाचा झाल्यास याच सर्वांच्या पुन्हा सह्या लागतील, असे कलम आहे. नाहीतर कोणी वजनदार गृहस्थ येऊन आपल्या मळ्यास एक जोड मागेल आणि आपण संकोचाने देऊन बसू. अध्यक्षांची सही झाली आहे, विहिरीच्या मालकाची झाली आहे, त्याच्या दोन मुलांपैकी एकाची झाली आहे. दुसरा मुलगा भिवंडीस नोकरीला आहे, तो शिमग्याला येईल. खालच्या वस्तीतील चार कुटुंबांपैकी तिघांनी अंगठे दिले आहेत. चौथ्या घरातील म्हातारी म्हणते, की आधी तोटी कोठे बसणार ती जागा खुंटी ठोकून दाखवा. तिचे म्हणणे रास्त आहे. येत्या रविवारी आम्ही खुंटी घेऊन जाणार आहो, ज्यांस यावयाचे असेल त्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीने मुरबाडास यावे.