सासूबाईंनी राहावे कोठे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. आमच्या घरात घडले तेच सांगते. त्यात माझीही चूक आहे, ती लपवीत नाही.

आमच्या सासूबाईंचे घर मांजर्लीत नदीच्या बाजूला, दोन खोल्यांचे, कौलारू. मामंजींनी ते बांधले आणि मृत्युपत्र न करताच ते गेले. आम्ही दहा मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर राहतो. धाकटे भावजी पुण्याला असतात, वन्संचे सासर कल्याणला. जुलै 2019 च्या पुरात, ज्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती, सासूबाईंच्या खिडकीपर्यंत पाणी आले. शेजारच्या पोरांनी त्यांना खांद्यावरून बाहेर काढले. त्या दिवसापासून "आईंनी आता एकटे राहायचे नाही," असे सर्वांनी ठरविले. सर्वांनी म्हणजे आम्ही. त्यांना कोणी विचारले नाही.

पाळी ठरली. दोन महिने आमच्याकडे, दोन महिने पुण्याला. पिशवी भरायची नि उतरायची. पुण्यात सातवा मजला. दिवसभर दार बंद, बोलायला माणूस नाही. बँकेचे पासबुक, रेशन आणि रक्तदाबाचे डॉक्टर सगळे बदलापुरात. तिसऱ्या पाळीला त्या म्हणाल्या, "मी माझ्या घरी जाते. पाणी आले तर बघू." मी फणकाऱ्याने म्हटले, "आणि लोक आम्हाला काय म्हणतील?" भगिनींनो, मला त्यांच्या जिवाइतकीच लोकांची काळजी होती, हे आज कळते.

पुढे घर विकायचे ठरले आणि कागद तयार झाले. सही करण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, वाचून दाखव ग." ते हक्कसोडपत्र होते. "सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही," असे त्यात होते. पण त्यांनी राहायचे कोठे, औषधपाणी कोणी पाहायचे, याची एक ओळही नव्हती. वाचता वाचता माझाच आवाज बसला. मी ह्यांना म्हटले, "आज सही नको."

ओळखीच्या एका वकीलबाईंनी मग समजावून सांगितले. मामंजींच्या मागे सासूबाई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस. 1956 च्या वारसा कायद्याने चौघांचा चौथा चौथा हिस्सा. म्हणजे विधवा आईला मुले काही दान देत नाहीत. चौथाई तिचीच असते. तिच्या सहीवाचून पुरे घर विकता येत नाही.

दुसरी गोष्ट 2007 च्या कायद्याची, आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा तो कायदा. साठीपुढच्या माणसाने सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार त्याच्या अर्जावरून रद्द होऊ शकतो. पण अट कागदात असावी. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने एका आईचा दावा अट लिहिलेली नाही म्हणून मान्य केला नाही. 2025 साली दुसऱ्या एका आईला मिळकत परत मिळाली. तिच्या मुलाने सांभाळण्याचे लिहून दिले होते. "तोंडी वचनावर सही करू नका," वकीलबाई म्हणाल्या.

मुले पाहत नसतील तर प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. आपल्यासाठी ते कार्यालय उल्हासनगरला. वकील लावावाच लागतो असे नाही. या कायद्याने दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी ठरविता येते. मात्र पैसा मिळाला म्हणजे माया मिळते असे नाही, आणि अर्ज गेला की घरात बोलणे तुटते. म्हणून आम्ही आधी घरातच बसलो.

या वेळी पहिल्यांदा सासूबाईंना विचारले, "तुम्हाला काय हवे?" त्या म्हणाल्या, "माझी चूल, माझे तुळशीवृंदावन आणि पावसाळ्यात तुझ्याकडची खाट." एवढेच! भीती पुराची होती, आणि पूर तर पावसाळ्यातलाच. मग बारा महिने घर कशाला सोडायचे? जूनपासून सप्टेंबरअखेर त्या आमच्याकडे, बाकीचे आठ महिने आपल्या घरी. सकाळ-संध्याकाळ मी नाहीतर माझा मुलगा जाऊन येतो. औषधाचा खर्च दोघा भावांत निम्मा. भावजी रागावले होते, दिवाळीलाही आले नाहीत. पुढल्या वर्षी आले, आणि आईच्या हातची भाकरी खाऊन गेले. घर विकलेले नाही. कधी विकायची वेळ आलीच, तर सासूबाईंच्या राहण्याची नि सांभाळाची अट आधी कागदात लिहायची आणि मग दुय्यम निबंधकांकडे नोंद करायची, असे ठरले आहे.

ही सोय कायमची नाही. त्यांचे गुडघे गेले, रात्री कोणी लागू लागले, की पुन्हा बसावे लागेल. पण तेव्हा पहिला शब्द त्यांचा असेल.

आपल्यांतल्या कोणाच्या सासूबाईंपुढे किंवा आईपुढे असा कागद आला, तर सहीआधी तो तिला मोठ्याने वाचून दाखवा. तेवढ्यापुरती सातवीची शाळा पुरते.