पतंगाचं गाणं : पळता पळता म्हणायचं



आज मुलांसाठी पतंगाचं एक गाणं सांगणार आहे. पण गाण्याआधी त्याची फजिती सांगतो, म्हणजे ते असं का झालं ते कळेल.

दोन-तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी मी एक कविता रचली. तिची सुरुवात अशी होती : ‘निळ्या नभाच्या विशाल दारी, पतंग माझा घेत भरारी.’ मोजून पाहा, ओळीला सोळा मात्रा, आठावर थांबा. वर्गात मुलांनी ती छान म्हटली. मग आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. हातात दोरा घेतलेला मुलगा ‘निळ्या नभाच्या’ म्हणत पळाला आणि ‘विशाल’ला त्याला धाप लागली. बाकीची मुलं ‘भरारी’पर्यंत पोचली, तेव्हा पतंग अजून मागच्या मुलाच्या हातातच होता!

चूक माझी होती. मी मात्रा मोजल्या, पावलं मोजली नाहीत. पळताना एका श्वासात मुलाच्या तोंडून दोन-तीन शब्द निघतात. म्हणून मैदानावरच्या गाण्याला ओळीत चार ठोके पुरेत, आणि ठोक्याला एक पाऊल. ‘धाव’ म्हणजे कागदावर तीन मात्रा, पण पळणाऱ्याच्या तोंडी तो एकच ठोका. अशा चार ओळी म्हणजे सोळा पावलं. मंद वाऱ्यात पतंग उचलायला तेवढी धाव बहुधा पुरते. वारा चांगला असेल तर पळायचं कारणच नाही. मग त्या ओळी जागच्या जागी पाय आपटत म्हणाव्या.

दुसरी गोष्ट कोण कुठे उभा आहे याची. दोरा धरणारा वाऱ्याकडे तोंड करून पळतो. पतंग धरणारा वीसएक पावलं मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असतो. वारा पळणाऱ्याकडून त्याच्याकडे वाहतो, म्हणून पळणाऱ्याची हाक त्याला स्पष्ट ऐकू जाते. त्याची हाक मात्र उलट येताना विरून जाते. तेव्हा ‘सोड’ हा शब्द दोरा धरणाऱ्यानेच म्हणायचा. जाबसाल ऐकू यावा म्हणून बाकीच्या पोरांना दोघांच्या मध्ये, पण वाटेतून बाजूला, उभं करावं. आणि हाक लांबवता येईल अशा स्वराची हवी. ‘सोऽऽड’ माळभर जातं. ‘चटकन’ म्हणून पाहा, दहा पावलांवर त्यातलं काही उरत नाही.

ही दुरुस्ती करून मी दुसरं गाणं नेलं, आणि त्यातही फसलो. मी ‘सोड’ धावेच्या शेवटी घातलं होतं. पळणारा पळाला, मागचा बिचारा गाण्याची वाट पाहत पतंग घट्ट धरून राहिला, आणि कन्नीपाशी कागद टरकन फाटला. धाव आणि सुटका एकाच वेळी व्हायला हवी. दोरा आधी ताणलेला, मग ‘सोड’, आणि त्याच क्षणी पहिलं पाऊल.

तिसरी चूक तर एका पोराने दाखवली. पतंग गोता खाऊ लागला की ‘खेच खेच’ असं मी लिहिलं होतं. मुलांनी ते इमानाने ओरडून म्हटलं, दोरा धरणाऱ्याने खेचलं आणि पतंग मातीत! तेव्हा पाचवीतला एक मुलगा मला म्हणाला, ‘गुरुजी, नाक खाली असताना खेचायचं नसतं. खेचलं की तो नाकाच्या दिशेला जातो.’ अगदी खरं आहे. आपला बिनशेपटीचा चौकोनी पतंग खेचला की नाक असेल तिकडे धावतो, आणि ढील दिली की गिरकी घेतो. म्हणून आधी ढील, नाक वर फिरेपर्यंत थांबायचं, मग खेच. दोरा धरणारा आभाळाकडे पाहत असतो. गाण्यातला शब्द त्याच्या हाताला हुकूम होऊन बसतो. तो चुकीचा असून चालत नाही.

आता गाणं ऐका. पहिल्या भागात एकाने विचारायचं, सगळ्यांनी सांगायचं.

धरला का? – धरला रे!
ताणला का? – ताणला रे!
वारा कुठे? – तोंडावर!
सोडू का रे? – सोऽऽड! सोऽऽड!

धाव गड्या, धाव धाव
वाऱ्याशी या शर्यत लाव
पुढे बघ, दगड चुकव
दोरा ताण, पतंग उठव!

ढीऽऽल दे, ढीऽऽल दे
वाऱ्यालाऽऽ वाऽऽट दे
ढीऽऽल दे, ढीऽऽल दे
घारीचीऽऽ भेऽऽट घे

नाक खाली? – ढीऽऽल दे!
नाक वर? – खेच खेच!
कोण त्याला ओढतो रे?
वारा वारा, चोर तो रे!

गेला गेला, कुठे गेला?
बाभळीच्या घरी गेला!
बाभळ बाई, सोड सोड
तुला देतो गूळ गोड!

गूळ नको, तीळ नको
काट्यांत माझ्या दोरा नको!

चाल कुठून बदलते ते लक्षात आलं असेल. धावेच्या ओळी तुटक आहेत. ‘ढील’पाशी पाय थांबतात, हात सैल होतो, म्हणून तिथे सूर लांबवायचा. मुलांना दम खायची जागाही तीच. ‘नाक खाली’ आणि ‘नाक वर’ या ओळींना मात्र ठराविक क्रम नाही. एका मुलाने पतंगाकडे पाहून जे दिसेल ते ओरडायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. त्या दोन ओळी कधी एकदा येतात, कधी दहा वेळा. आमच्या माळावर एकदा त्या इतक्या वेळा आल्या की बाभळीपर्यंत गाणं पोचलंच नाही.

‘पुढे बघ, दगड चुकव’ ही ओळ काव्य म्हणून साधीच आहे, पण ती गाळू नका. पळणारं पोर मान वळवून मागे पतंगाकडे बघतं आणि ठेचकाळतं. विहिरीच्या बाजूला, रस्त्याकडे किंवा विजेच्या तारांखाली तर हा खेळ मुळीच मांडू नये. दोरा साधा सुती घ्यावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली. तो माणसाचा गळा चिरतो आणि झाडात अडकला की पाखरांना गुंतवतो. बाभळीचं उत्तर मी त्यासाठीच घातलं.

आमच्याकडचे जुने लोक मोठ्या पतंगाला ‘वावडी’ म्हणत. अफवा पसरवणाऱ्याला आपण ‘वावड्या उठवतो’ म्हणतो, ती हीच. तुमच्या गावात वावडी म्हणत असतील तर ‘दोरा ताण, वावडी उठव’ म्हणा. ठोके चारच राहतात. चक्रीला आसारी म्हणत असाल किंवा बाभळीऐवजी तुमच्या माळावर बोर असेल, तर तेही शब्द घाला. फक्त नवी ओळ वर्गात पक्की करू नका. आधी पळणाऱ्या मुलाकडून म्हणवून घ्या. चौथ्या पावलावर ओळ संपली आणि त्याच्या तोंडात अजून श्वास उरला, तर ती ठेवा.