पांढरं जाणं: गरोदरपणात कधी काळजी करायची आणि कोणतं औषध घ्यायचं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज जो विषय घेतलाय तो आपण जावेशी कुजबुजत बोलतो आणि डॉक्टरांसमोर गिळून टाकतो. गरोदरपणात अंगावरून पांढरं जातं, त्याबद्दल मी बोलणार आहे. घरात पुरुष माणसं ऐकत असतील तर ऐकू द्या. त्यांच्याही उपयोगाचं आहे.

हे गिळून टाकणं किती जुनं आहे ते आधी सांगते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ते निष्कर्ष जगासमोर आले. शंभरातल्या ९२ बायकांना खालच्या अंगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्यासाठी आधी कधी तपासून घेतलेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. बाकीच्या अंगावर काढत होत्या.

आता मुद्द्याचं. दिवस गेले की पांढरं जाणं वाढतंच. शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक वाढतं, तिथला रक्तपुरवठा वाढतो, म्हणून पाझर जास्त होतो. योनीत चांगले जंतू असतात. ते तिथे आंबटपणा टिकवतात आणि वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. हे साधं पांढरं जाणं पातळ किंवा किंचित चिकट असतं, पांढरं किंवा दुधाळ, वास जवळजवळ नाही, खाज नाही, आग नाही. महिने भरत आले की ते आणखी वाढतं. याला औषध लागत नाही. सुती कपडा वापरा, ओला झाला की बदला, एवढं पुरे.

मग बिघडलंय हे कसं ओळखायचं? स्वतःला दोन प्रश्न विचारा. खाज आहे का? वास आहे का? उत्तर पक्कं मिळेलच असं नाही, पण दिशा कळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चोवीस वर्षांची बाई आहे. दुसरं बाळंतपण, सातवा महिना. दिवाळीनंतर टोळीबरोबर फडावर गेली होती. कोपीत राहणं, आंघोळीला आडोसा नाही, पाणी मोजकं. आता बाळंतपणासाठी माहेरी आलीय. चार दिवसांपासून तिला खालून घट्ट, दह्याच्या कवडीसारखं पांढरं जातंय. वास नाही, पण खाज एवढी की रात्री झोप नाही. लघवीला गेलं की कातडीला चरचरतं. बाहेरची जागा लाल झालीय, सुजलीय.

खाज खूप, वास नाही, दह्यासारखं: ही लक्षणं बुरशीची, म्हणजे यीस्टच्या संसर्गाची. गरोदरपणात हा त्रास खूप बायकांना होतो, कारण या दिवसांतला शरीरातला बदल बुरशीला मानवतो. यात बाईचा काही दोष नसतो आणि नवऱ्याने बाहेरून आणलं असाही त्याचा अर्थ नसतो. पोटातल्या बाळाला यापासून सहसा धोका नसतो. त्रास आईला होतो, आणि तो बरा करता येतो.

आता घोटाळा होतो तो इथे. तिची जाऊ म्हणते, "मला मागं असंच झालं होतं. सरकारी दवाखान्यातून हिरवं पाकीट मिळालं होतं. एक शिल्लक आहे, घे." मैत्रिणींनो, हे हिरवं पाकीट पांढरं जाण्यावरच दिलं जातं. त्यात दोन औषधं असतात, सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. जावेसाठी ते बरोबर होतं, कारण ती गरोदर नव्हती. गरोदर बाईने ते घ्यायचं नाही. फ्लुकोनॅझोलची गोळी तोंडाने घेतली की रक्तातून बाळापर्यंत पोचते. डेन्मार्कमध्ये गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या, त्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ही गोळी घेतलेल्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून सुरक्षित औषध हाताशी असताना ही गोळी कशाला घ्यायची? आणि कुणी नकळत एखादी घेतलीच असेल तर घाबरून जाऊ नका, मनानेच काही निर्णय घेऊ नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, कोणत्या महिन्यात घेतली तेही सांगा.

सुरक्षित औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोल. ही गोळी गिळायची नाही, योनीत ठेवायची. औषध तिथल्या तिथे काम करतं, रक्तात फार थोडं जातं. १०० मिलिग्रॅमची एक गोळी, रोज रात्री, सहा ते सात रात्री. एका रात्रीत संपणारी मोठी गोळीही मिळते, पण गरोदरपणात पूर्ण आठवड्याचा कोर्स जास्त खात्रीचा. नर्सबाई किंवा डॉक्टर लिहून देतील तसंच घ्या.

ठेवायची कशी, हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. झोपायच्या आधी लघवी करून या. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर पडा, गुडघे दुमडा. गोळी थोड्या पाण्याने ओली करा आणि बोटाने हळूच आत सरकवा, जाईल तेवढीच. जोर करायचा नाही. पाकिटात प्लॅस्टिकची नळी असते, ती गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नका. मग उठू नका, झोपा. सकाळी कपड्यावर पांढरा भुगा दिसेल. तो औषधाचाच असतो. बाहेर खाज असेल तर त्याच औषधाचं साधं मलम बोटाच्या पेरावर घेऊन पातळ लावा.

दोन-तीन दिवसांत खाज कमी होते. कमी झाली म्हणून गोळ्या थांबवू नका, सगळ्या संपवा. आठवड्यानंतरही फरक नसेल तर परत जा, कारण आजार दुसराच असू शकतो. आणि बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर साखरेची तपासणी झालीय का ते विचारा. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, ती तपासणी. साखर वाढलेली असली की बुरशी हटत नाही.

मेडिकलवरून खाज-खरजेचं कुठलंही मलम आणून तिथे लावू नका. त्यांतल्या कित्येकांत तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि बुरशी पसरते.

आता दुसरा प्रकार. खाज फारशी नाही, पण पातळ, राखाडी-पांढरं जातं आणि त्याला मासळीसारखा वास येतो. संबंधानंतर वास जास्त जाणवतो. हा जंतूंचा संसर्ग. चांगले जंतू कमी झाले, आंबटपणा गेला, की दुसरे जंतू माजतात. बुरशीचं औषध याच्यावर चालत नाही. आणि हा अंगावर काढायचा नाही, कारण दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याशी याचा संबंध आढळलाय. दवाखान्यात डॉक्टर आतून बघतात आणि रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने आंबटपणा तपासतात. बुरशीत आंबटपणा बहुतेक तसाच राहतो, या संसर्गात तो जातो.

यावर औषध मेट्रोनिडॅझोल. नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅमची गोळी, जेवणानंतर दिवसातून दोनदा, सात दिवस. पूर्वी पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी द्यायला डॉक्टर कचरत. पुढच्या अभ्यासांत बाळात व्यंग आल्याचं दिसलं नाही. तरी पहिले तीन महिने चालू असतील तर ते सांगा, मग तोंडाने द्यायची की योनीत ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. एकदम मोठा डोस घेऊन एका दिवसात उरकू नका. तोंड कडू-धातूसारखं लागतं, ते गोळ्या संपल्या की जातं.

हिरवट-पिवळं, फेसाळ, घाण वासाचं जात असेल तर तो तिसरा संसर्ग असू शकतो, तो संबंधातून लागतो. त्यात नवऱ्यालाही त्याच वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखं.

कोणताही प्रकार असो, आत पाणी मारून धुऊ नका. तुरटीचं पाणी नको, लिंबू नको, डेटॉल तर नकोच. त्याने चांगले जंतू वाहून जातात आणि वास उलट वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने, पुढून मागे धुवा.

आता जे थांबायचं नाही ते. पाण्यासारखं पातळ, कपडा पुन्हा पुन्हा भिजवणारं जात असेल तर ते पांढरं जाणं नसून गर्भजल असू शकतं. शंका असेल तर कोरडी सुती घडी ठेवा, अर्धा तास पडून राहा आणि उभं राहून बघा. उभं राहताच पाणी ओघळलं, किंवा घडी नुसत्या पाण्याने भिजली, तर लगेच निघा. घडी कोरडी राहिली पण शंका गेली नाही, तरीही दाखवा. लाल रक्त, हिरवट पाणी, ताप, ओटीपोटात कळा, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ लावा. रात्रीही लावा.

शेवटी आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायकांत पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यासाठीच दवाखान्यात गेलेल्याही होत्या. सात रात्रींच्या गोळ्यांनी जे बरं होतं त्याला पिशवी काढणं हा उपाय नव्हे. कुणी तसं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या. फडावर जाणाऱ्या बायांनी तर ते पिशवीतून काढूच नये. सगळ्यांसमोर बोलायला लाज वाटली तर आशाताईला किंवा नर्सबाईला आधी बाजूला घ्या आणि तीनच गोष्टी सांगा: खाज आहे की नाही, वास आहे की नाही, आणि कितवा महिना चाललाय.