ताप उतरला, तरी धोका टळलेला नसतो

मे महिन्यात भर दुपारी बंद गाडीत राहिलेला पग जातीचा कुत्रा डोळ्यांसमोर आणा. जोरजोरात धापा टाकतोय, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०७ अंश फॅरनहाइट. एरवी ते १०१ ते १०२.५ असतं. हा उष्माघात.

आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. सावलीत आणून अंगावर सतत नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापमान १०३ वर आलं की थांबा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं.

कुत्रा सावरलेला दिसला तरी डॉक्टरांकडे न्याच. उष्णतेनं रक्तवाहिन्यांचं अस्तर भाजून निघतं. मग जागोजागी बारीक गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट आणि गोठवणारे घटक संपतात आणि रक्तस्राव सुरू होतो. हे बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होतं. म्हणून रोज पोटाची कातडी, हिरड्या, डोळे, शी आणि लघवी पाहा: टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, काळी किंवा रक्ताळ शी, कमी झालेली लघवी, पिवळे डोळे. यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पहिले दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. पहिल्या दिवशीचा चांगला अहवाल पुरेसा नसतो.